सात वर्षांच्या मुलाचं पहिलं मनगटी घड्याळ: वेळ वाचायला शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न इंदूरच्या मराठी घरांना डोळ्यांसमोर ठेवून घेतले आहेत. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी, त्यामुळे एकच वेळ मूल दिवसभरात तीन तऱ्हांनी ऐकतं. बहुतेक उत्तरं फिरून एकाच गोष्टीपाशी येतात. मुलाचं लक्ष आधी लहान काट्याकडे, म्हणजे तास काट्याकडे लागलं पाहिजे. बहुतेक घरांत सुरुवात मोठ्या काट्यापासून होते आणि पुढचा गोंधळ तिथेच तयार होतो.

मूल सात वर्षांचं झालं म्हणजे घड्याळ वाचायला तयार झालं का?

वयापेक्षा तीन गोष्टी पाहा. साठपर्यंतचे आकडे न अडखळता म्हणता येतात का? पाच, दहा, पंधरा असं पाचापाचाने साठपर्यंत जाता येतं का? तिसरी गोष्ट सहसा कोणी तपासत नाही, पण तीच सर्वांत महत्त्वाची आहे. कागदावर एक आडवी रेघ काढा. डाव्या टोकाला ३ आणि उजव्या टोकाला ४ लिहा. रेघेवर चारच्या अगदी जवळ एक ठिपका द्या आणि विचारा, "हा ठिपका चारला पोचला का?" मूल "नाही, पोचायचाय" म्हणालं तर लगेच सुरुवात करा. जवळ असणं आणि पोचणं यांतला फरक अजून कळत नसेल, तर आठवडाभर हाच खेळ जमिनीवर खडूने रेघ काढून खेळा. मूल स्वतः त्या रेघेवर चालेल आणि तुम्ही मधेच थांबवून विचारायचं, "कुठलं घर सोडलंस? कुठलं यायचंय?"

पाव, अर्धा, पाऊण हे अपूर्णांक लिहिता येणं गरजेचं नाही. भिंगरीसारखं गोल फिरणारं काहीतरी पाव फेरा फिरलं की अर्धा, हे डोळ्यांना कळलं की पुरे.

कोणतं घड्याळ घ्यावं? दुकानात काय तपासावं?

साधं, सेलवर चालणारं, काट्यांचं घड्याळ घ्या. तबकडीवर एक ते बारा हे सगळे आकडे छापलेले हवेत. फक्त १२, ३, ६, ९ आणि बाकी ठिकाणी रेघा असं नको. रोमन आकडे नकोत. कडेला साठ बारीक रेघा हव्यात आणि त्यांच्या बाहेर ५, १०, १५ असे मिनिटांचे आकडे असतील तर फारच चांगलं. दोन काट्यांच्या लांबीत स्पष्ट फरक हवा, रंग वेगळे असतील तर आणखी सोपं. कार्टूनचे दोन हात म्हणजेच काटे अशी घड्याळं मुलांना आवडतात, पण त्यांत बरेचदा दोन्ही हात जवळजवळ सारख्याच लांबीचे असतात आणि शिकण्यासाठी ते अगदी कुचकामी ठरतं. तारखेची खिडकी नको, आतल्या छोट्या तबकड्याही नकोत.

आकारही पाहा. या वयाच्या मनगटावर साधारण २८ ते ३२ मिलिमीटरची तबकडी शोभते. त्याहून मोठी असेल तर मनगट वाकवताना कड टोचते आणि मूल दोन दिवसांत घड्याळ काढून ठेवतं.

एक तपासणी मात्र दुकानातच करून घ्या. काचेच्या बाजूला जी छोटी चावी असते, ती ओढून काटे फिरवा आणि मोठा काटा बरोबर बारावर आणा. आता लहान काटा कुठल्या तरी आकड्यावर अगदी नेमका असला पाहिजे. तीन, सहा, नऊ आणि बारा या चारही ठिकाणी असं करून बघा. सहाला दोन्ही काट्यांची एक सरळ रेघ झाली पाहिजे आणि बाराला लहान काटा मोठ्याखाली झाकला गेला पाहिजे. लहान काटा जरा पुढेमागे बसलेला असेल तर मोठ्या माणसाला त्याने फरक पडत नाही, आपण सवयीने वेळ ओळखतो. मूल मात्र काट्याच्या जागेवरच विसंबून असतं, त्यामुळे असं घड्याळ त्याला रोज चुकीचं शिकवतं.

घरी पुठ्ठ्याचं खेळण्यातलं घड्याळ आहे. ते चालेल का?

त्याचे दोन काटे सुटे फिरत असतील तर नको. सुट्या काट्यांच्या घड्याळावर साडेतीन दाखवताना मोठा माणूस मोठा काटा सहावर नेतो आणि लहान काटा तसाच तीनवर ठेवतो. खऱ्या घड्याळात अशी वेळ कधीच येत नाही, कारण साडेतीनला लहान काटा तीन आणि चारच्या बरोबर मधे असतो. पुठ्ठ्यावर आठवडाभर सराव केलेलं मूल मग खऱ्या घड्याळासमोर गोंधळतं. आत दाते असलेलं, एक काटा फिरवला की दुसराही आपोआप सरकणारं घड्याळ असेल तर ते उत्तम. नाहीतर भिंतीवरचं जुनं घड्याळ घ्या, त्याच्या मागच्या चाकाने काटे फिरवले की दोन्ही काटे योग्य प्रमाणातच सरकतात.

सुरुवात नेमकी कुठून करायची?

एकाच काट्याच्या घड्याळापासून. घरात पडून असलेलं भिंतीवरचं साधं घड्याळ घ्या. सेल काढा, पुढची काच उघडा. सर्वांत वर सेकंद काटा असतो, तो हलक्या हाताने सरळ वर ओढला की निघतो. त्याखालचा मिनिट काटा काही घड्याळांत नुसता दाबून बसवलेला असतो, काहींत बारीक नटने धरलेला असतो. तो काढा आणि तास काटा तसाच राहू द्या. वाकडा ओढला तर आतला बारीक दांडा वाकतो, म्हणून दोन्ही बाजूंनी सारखा जोर देऊन सरळ वरच ओढा. सेल परत घाला, वेळ लावा आणि घड्याळ मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगा.

काढलेला काटा जपून ठेवा, दोन आठवड्यांनी तो परत बसवायचाय.

आता या घड्याळावर वेळ अंदाजानेच सांगता येते, आणि आपल्याला हवंही तेच आहे. "चार वाजून गेलेत." "साडेचारच्या आसपास असेल." "पाच वाजतच आलेत." मूल असं बोलायला लागलं की अर्धं काम झालं. पूर्वी घड्याळांना तास काटाच असायचा. क्रिस्तिआन हायगेन्स यांनी १६५६ साली लंबकाचं घड्याळ बनवलं, त्यानंतर घड्याळं पुरेशी अचूक झाली आणि मग मिनिट काटा सगळीकडे रुळला. त्याआधी लोक एकाच काट्यावर दिवस काढत होते, म्हणजे एका काट्याने वेळ कळते यात शंका नाही.

या दोन आठवड्यांत तबकडीला बारा घरं आहेत असं समजावा. बारा ते एक हे बाराचं घर, एक ते दोन हे एकचं घर. कागदाच्या गोलावर ही घरं दोन रंगांनी आलटून पालटून रंगवली तर आणखी चांगलं. जो आकडा ओलांडला, त्याच्या घरात काटा राहतो. पुढच्या आकड्याला टेकेपर्यंत तो त्या घरातून बाहेर पडलेला नाही. ही एक ओळ मुलाच्या तोंडी बसली की पुढची निम्मी भांडणं वाचतात.

मनगटी घड्याळ याच काळात द्यायला हरकत नाही. मात्र त्यावरही फक्त लहान काटा कुठल्या घरात आहे एवढंच विचारा. मूल मोठा काटा कशासाठी म्हणून विचारेलच. "त्याचं काम पुढच्या आठवड्यात" एवढं उत्तर पुरतं.

सव्वा, साडे, पावणे हे शब्द कधी शिकवायचे? मूल पावणेचारला पावणेतीन म्हणतं.

हे शब्द एका काट्याच्या घड्याळावरच शिकवा, मिनिटं यायच्या आधी. हे शब्द मिनिटांचे नाहीतच, ते लहान काट्याची जागा सांगतात. सव्वातीन म्हणजे काटा तीनच्या घरात पाव भाग आत गेला. साडेतीन म्हणजे घराच्या मधोमध. पावणेचार म्हणजे चारला पोचायला पाव भाग उणा. "पावणे" या शब्दातच पाव आणि उणे दोन्ही आहेत. पाव म्हणजे काय हे इंदूरच्या मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. पाव किलो शेव चारदा घेतली की एक किलो होते, हे त्याने दुकानात पाहिलेलं असतं.

पावणेतीन ही चूक कुठून येते तेही बघा. शाळेत तीच वेळ "थ्री फॉर्टी फाइव्ह" म्हणून शिकवतात. मुलाच्या कानात "थ्री" बसलेला असतो, घरी कोणी पंचेचाळीसला "पावणे" म्हणतात असं सांगितलेलं असतं, आणि मूल दोन्ही जोडून पावणेतीन म्हणतं. त्याच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. म्हणून "चूक" म्हणू नका, काट्याकडे परत न्या. आजी आणि नातीत हे असं चालतं:

"आजी, पावणेतीन वाजले."
"हो का? लहान काटा कुठे आहे बघ बरं."
"तीनच्या घरात. पण चारच्या जवळ आलाय."
"मग कुठे जायचंय त्याला?"
"चारला."
"किती राहिलंय?"
"थोडंसंच. पाव."
"मग चारला पाव कमी. काय म्हणायचं?"
"पावणे... चार!"

इथे आजीने उत्तर सांगितलेलं नाही, फक्त काटा कुठे निघालाय ते विचारलंय. हे आठ-दहा वेळा झालं की चूक सुटते. हिंदीतलं "पौने चार" आणि इंग्रजीतलं "क्वार्टर टू फोर" हेही चारचंच नाव घेतात हे मुलाला दाखवा. तीनचं नाव घेणारी पद्धत एकटी शाळेतली आहे. तीही बरोबरच आहे, फक्त त्या पद्धतीत मागे सोडलेलं घर सांगतात आणि आपण पुढचं सांगतो.

"साडेएक", "साडेदोन" असं बोलतो. टोकावं का?

टोकू नका, नुसतं बरोबर नाव घेऊन बोला. मुलाने नियम अगदी नीट धरलाय, भाषेने दोन ठिकाणी वेगळे शब्द ठेवलेत एवढंच. दीड आणि अडीच हे दोन शब्द दीडशे, अडीचशे असे बाजारात कानावर पडत असतातच, त्यांच्याशी जोडून द्या. आणखी दोन जागा आहेत जिथे मोठ्यांनाही थांबावं लागतं. बारा पंचेचाळीसला आपण "पाऊण वाजला" म्हणतो आणि एक पंधराला नुसतं "सव्वा वाजला". दोन्हींत एकचा आकडा बोलत नाहीत. आणि एक, दीड, सव्वा, पाऊण यांच्या वेळी "वाजला", बाकी सगळीकडे "वाजले". हे नियम म्हणून शिकवायची गरज नाही, दुपारच्या जेवणाच्या आसपास या चार वेळा रोज येतात. त्या वेळी मोठ्याने म्हणत जा.

मिनिट काटा कधी आणि कसा आणायचा?

मूल दिवसातून चार-पाच वेळा न विचारता "सव्वापाच झाले असतील" असं लहान काट्यावरून सांगू लागलं की मिनिट काटा परत बसवा. बसवताना आधी मागच्या चाकाने लहान काटा एखाद्या आकड्यावर नेमका आणा आणि मग मिनिट काटा बरोबर बारावर दाबा. हा क्रम चुकला तर दोन्ही काटे एकमेकांशी जुळणार नाहीत.

बसवल्यावर पहिला धडा हाच, की मोठा काटा पूर्ण एक फेरा मारतो तेवढ्यात लहान काटा एकच घर सरकतो. चाक मुलाच्या हातात द्या. "लहान काट्याला चारपासून पाचपर्यंत ने" म्हणा आणि मोठ्या काट्याचा फेरा मोजायला लावा. मग सहापर्यंत, मग सातपर्यंत. तीन-चार घरं गेली की मूल स्वतःच म्हणतं की मोठा काटा बारावर आला की लहान घर बदलतो.

त्यानंतर मिनिटांचे आकडे. जाड कागदाची एक गोल पट्टी कापा, आतला व्यास घड्याळाच्या बाहेरच्या कडेएवढा ठेवा आणि तिच्यावर एकसमोर ५, दोनसमोर १० असं बारासमोर ६०पर्यंत लिहा. ६०च्या खाली ० पण लिहा, कारण काटा तिथे आला की नवा तास शून्यापासून सुरू होतो. पट्टी भिंतीवरच्या घड्याळाभोवती चिकटवा.

मोठा काटा चारवर असताना मूल "चार मिनिटं" म्हणतं, ही या टप्प्यावरची हमखास चूक. एकाच आकड्याला दोन नावं आहेत, लहान काट्यासाठी चार आणि मोठ्या काट्यासाठी वीस. पट्टीमुळे ते समोरच दिसतं. सुटी मिनिटं सर्वांत शेवटी आणा. काटा सतरावर असेल तर मागच्या पाचाच्या आकड्यावर, म्हणजे पंधरावर, बोट ठेवायचं आणि पुढे सोळा, सतरा असं मोजायचं. बारापासून एकेक रेघ मोजू देऊ नका, मूल मधेच चुकतं आणि कंटाळतं.

तीन आठवड्यांनी पट्टी काढा. काढल्यावर एक-दोन दिवस गाडी मागे जाते, मग सावरते.

तीन पन्नासला तो चार पन्नास म्हणतो. काही केल्या सुटत नाही.

ही सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत चिवट चूक आहे. ती निष्काळजीपणाची नाही, म्हणून आधी कारण समजून घ्या.

लहान काटा एका तासात ३० अंश सरकतो, म्हणजे मिनिटाला अर्धा अंश. तीन पन्नासला तो तीनपासून २५ अंश पुढे आलेला असतो आणि चारपासून फक्त ५ अंश मागे. तबकडीवरच्या दोन बारीक रेघांमधलं अंतर ६ अंश असतं. म्हणजे काटा चारच्या आकड्यापासून एका रेघेएवढाही लांब नाही. मनगटी घड्याळात काट्याची लांबी आठ मिलिमीटर धरली, तर त्याच्या टोकापासून चारच्या रेघेपर्यंतचं अंतर एक मिलिमीटरही भरत नाही. डोळ्यांना तो चारवरच दिसतो. मुलाने जे दिसलं ते वाचलं. भिंतीवरच्या घड्याळात सात सेंटिमीटरच्या काट्याला हेच अंतर सहा मिलिमीटरच्या आसपास असतं आणि नजरेला कळतं. म्हणूनच मनगटी घड्याळ असूनही मोठ्या घड्याळावर आधी शिकायचं.

आता उपाय. भिंतीवरचं घड्याळ काढून मुलासमोर ठेवा, तीन वाजता लावा. हळूहळू चाक फिरवा आणि मुलाला फक्त लहान काट्यावर नजर ठेवायला सांगा. तीन दहावर थांबा. "घर कुठलं?" तीनचं. तीन तीसवर थांबा. अजून तीनचंच. तीन पन्नासवर थांबा आणि विचारा, "चारला टेकला का?" मूल जवळ जाऊन पाहील आणि "नाही, थोडा राहिलाय" म्हणेल. आता त्याचं बोट मोठ्या काट्यावर न्या. "मोठा काटा बारापर्यंत पोचला का?" नाही. "मग फेरा पूर्ण झाला?" नाही. "मग घर बदललं?" नाही.

इथे मुलाला एक कायमची ताडून पाहण्याची सवय मिळते. लहान काटा आकड्याच्या अगदी जवळ दिसला की मोठ्या काट्याला विचारायचं. मोठा काटा नऊ ते बाराच्या मधे असेल तर लहान काटा अजून पोचायचाय. बारा ते तीनच्या मधे असेल तर तो नुकताच ओलांडून गेलाय. तीन पन्नास आणि चार दहा या दोन वेळा पाठोपाठ लावून दाखवा. दोन्हींत लहान काटा चारच्या जवळच आहे, एकदा अलीकडे आणि एकदा पलीकडे. आठवडाभर रोज अशा तीन जोड्या घ्या: पाच पंचावन्न आणि सहा पाच, आठ पन्नास आणि नऊ दहा, बारा पंचावन्न आणि एक पाच. शेवटची जोडी मुद्दाम, कारण बारानंतर तेरा नाही तर एक येतो हे तिथे पक्कं होतं.

रोज कोणते खेळ खेळावेत? किती वेळ?

पाच ते सात मिनिटं, आणि खऱ्या कामाला जोडलेले. वेळ विचारून परीक्षा घेतली की मूल घड्याळ लपवायला लागतं.

इंदुरात सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत येते, तिचा खेळ सर्वांत चांगला जमतो. आदल्या रात्री प्रत्येकाने गाडी किती वाजता येईल ते कागदावर लिहायचं. सकाळी गाणं ऐकू आलं की मुलाने मनगटावर पाहून वेळ मोठ्याने सांगायची आणि लिहायची. ज्याचा अंदाज सर्वांत जवळचा, तो जिंकला. पहिल्या आठवड्यात मूल "सात" किंवा "आठ" असं लिहितं, हळूहळू "सात वीस" लिहू लागतं. कोणाचा अंदाज किती मिनिटांनी चुकला हे ठरवताना ते मिनिटांची वजाबाकी करत असतं, आणि तो अभ्यास आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही.

पोहे करायचे असतील तर भिजवण्याचं काम मुलाला द्या. जाडे पोहे धुवून निथळले की मुलाने वेळ पाहायची आणि दहा मिनिटं झाली की सांगायचं. मोठा काटा आता सातवर असेल तर कुठे आल्यावर हाक मारायची, हे आधी विचारून घ्या. "नऊवर" हे उत्तर यायला हवं. ते येत नसेल तर मुलाला काळ आणि काटा यांचं नातं अजून लागलेलं नाही. अशा वेळी दहाऐवजी पाच मिनिटांची कामं द्या, जिथे काटा एकच आकडा सरकतो.

तिसरा खेळ उलटा आहे. मुलाने मनगटी घड्याळाची चावी ओढून हवी ती वेळ लावायची आणि तुम्ही ओळखायची. मधेच मुद्दाम चुका, "चार पन्नास" म्हणा जेव्हा तीन पन्नास आहेत. मुलाने पकडलं तर तुम्हाला कळतं की त्याचं पक्कं झालंय. खेळ संपला की खरी वेळ परत लावायची, तीही मुलानेच.

सुटीच्या दिवशी गांधी हॉलला एक चक्कर मारा. १९०४ साली बांधलेल्या या इमारतीला लोक घंटाघर म्हणतात ते तिच्या मनोऱ्यावरच्या घड्याळामुळे. एवढ्या उंचावरचं घड्याळ खालून, थोड्या तिरक्या कोनातून वाचणं हा वेगळाच सराव आहे. वरची वेळ आणि मनगटावरची वेळ जुळत नसेल तर फरक किती मिनिटांचा आहे ते मुलाला सांगू द्या.

शाळेत, दुकानात, मोबाइलवर सगळीकडे आकड्यांचीच वेळ दिसते. डिजिटल घड्याळ आधी दिलं तर?

आकडे वाचणं मुलाला दोन दिवसांत येतं, पण ३:५० वाचून चार वाजत आलेत हे त्याला दिसत नाही. काट्यांवर ते दिसतं. काट्यांची सवय झाल्यावर आकडे आपोआप जुळतात. रेल्वेची चोवीस तासांची वेळ आठव्या-नवव्या वर्षासाठी राहू द्या.

घड्याळ सारखं बंद पडतं किंवा मागे पडतं. खराब निघालं का?

बहुतेक वेळा चावी ओढलेली राहिलेली असते. ती बाहेर असेपर्यंत घड्याळ थांबतं. मुलं खेळता खेळता ओढतात आणि विसरतात. खेळ झाल्यावर चावी दाबली गेली की "टक" असं बोटाला जाणवतं, ते मुलाला ओळखायला शिकवा. सेकंद काटा चालतोय का ते पाहणं ही दुसरी खूण. सेकंद काटा दर सेकंदाऐवजी काही सेकंदांनी एकदम उडी मारत असेल तर बऱ्याच घड्याळांत ती सेल संपत आल्याची खूण असते.

पट्टा ज्या हाताने लिहीत नाही त्या हातावर, आणि इतका सैल की मुलाचंच एक बोट खालून जाईल. मागे "३० मीटर" लिहिलं असलं तरी ते हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरतंच समजा. अंघोळीला आणि पोहायला घड्याळ काढूनच.

सेल दुकानातच बदलून घ्या, घरी मागचं झाकण उघडू नका. जुना सेल मुलाच्या हाती खेळायला देऊ नका आणि घरात उघडा ठेवू नका. गोळीएवढा सेल लहान भावंडाने गिळला किंवा नाकात घातला तर आतून गंभीर भाजतं. तसा संशय आला तर वाट न पाहता लगेच रुग्णालयात न्यायचं, उलटी करवायची नाही.

आता येतंय असं कधी समजायचं?

दहा वेळा लावून विचारा, एका दिवसात सगळ्या नकोत, दोन-तीन दिवसांत मिळून: ४:००, ६:३०, ९:१५, १:४५, २:३०, ३:५०, ११:५५, १२:०५, ८:०३ आणि १२:५०. पहिल्या तीन येत असतील आणि १:४५ अडत असेल तर पावणेचा सराव कमी पडलाय. ३:५० आणि ११:५५ चुकत असतील तर लहान काट्याचं घर अजून पक्कं नाही, वरच्या जोड्यांकडे परत जा. ८:०३ला "आठ पाच" असं उत्तर आलं तर सुट्या रेघा मोजणं राहिलंय. शेवटची १२:५० बरोबर आली तर बाकी चिंता नको. त्या वेळी लहान काटा एकच्या अगदी जवळ असतो, तरी घर बाराचंच, आणि मराठीत "एकला दहा कमी" म्हणायचं असतं. हे तिन्ही सांभाळून ज्याने उत्तर दिलं, त्याने शाळेची व्हॅन सात दहाला येते म्हटल्यावर सात वाजता बूट घालायला हरकत नाही.